बॅकलॉग आणि कमी सीजीपीए: एसओपीत काय लिहायचं, किती लिहायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुणे, मुंबई आणि राज्यातल्या इतर विद्यापीठांतून इंजिनिअरिंग केलेले आणि परदेशात मास्टर्ससाठी अर्ज करणारे विद्यार्थी हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. शक्यतो त्यांच्याच शब्दांत प्रश्न ठेवले आहेत. कॅम्पस मुलाखतीबद्दल एकच प्रश्न आहे, तो शेवटाकडे (प्रश्न ११). बाकी सगळं अर्जाबद्दल.

१. माझी एफईला एक केटी होती, नंतर सुटली. एसओपीत लिहायलाच हवं का?

बहुधा नको. एफईचं इंजिनिअरिंग ग्राफिक्स राहिलं, पुढच्या परीक्षेत सुटलं आणि अर्ज कॉम्प्युटर सायन्सला करताय, तर त्यावर एक ओळही खर्च करू नका. वाचणाऱ्याच्या मनात नसलेला प्रश्न तुम्हीच उभा कराल आणि मग त्याचं उत्तर देत बसाल.

लिहावं लागतं ते तीन परिस्थितींत. राहिलेला विषय तुम्ही मागत असलेल्या कोर्सचा पाया असेल, जसं सिग्नल प्रोसेसिंगसाठी गणित किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगसाठी मेकॅनिक्स. एखादं सेमिस्टर बाकीच्यांच्या तुलनेत डोळ्यांत भरेल इतकं खाली गेलं असेल. किंवा वर्ष गेलं असेल आणि चार वर्षांच्या पदवीला पाच वर्षं लागलेली तारखांवरून दिसत असतील. यातलं काहीच नसेल तर अर्जाच्या फॉर्ममध्ये विचारलेला आकडा खरा भरा आणि एसओपीत तुमच्या कामाबद्दल लिहा.

२. ट्रान्सक्रिप्टवर शेवटी पास झालेले मार्कच दिसतात. मग न सांगितलं तर कळणार कसं?

मार्कशीटवर परीक्षेचा महिना आणि वर्ष असतं. तिसऱ्या सेमिस्टरचा विषय पाचव्या सेमिस्टरच्या वेळी पास झालेला दिसला, की वेगळा पुरावा लागत नाही. शिवाय ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियातली बरीच विद्यापीठं सगळ्या सेमिस्टरच्या सगळ्या मार्कशीट मागतात, नापास झालेल्याही. काही ठिकाणी कॉलेजकडून बॅकलॉग सर्टिफिकेट आणायला सांगतात.

एसओपीत उल्लेख न करणं आणि फॉर्ममध्ये खोटं भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुमची निवड. दुसरीमुळे मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, कारण अर्जाच्या शेवटी ‘दिलेली माहिती खरी आहे’ यावर तुमची सही असते.

३. एकच विषय तीनदा दिला. मग बॅकलॉग एक की तीन?

फॉर्म नेमकं काय विचारतो त्यावर अवलंबून आहे. गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. आपल्याकडे बोलताना आपण विषय मोजतो: ‘माझा एकच राहिला होता.’ पण बरीच विद्यापीठं नापास झालेले प्रयत्न मोजतात. एम-३ दोनदा राहून तिसऱ्यांदा सुटला असेल, तर तुमच्या हिशेबाने एक बॅकलॉग आणि त्यांच्या हिशेबाने दोन. फॉर्ममध्ये खुलासा नसेल तर ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींचा मेल टाकून विचारा. ते शक्य नसेल तर दोन्ही आकडे लिहा: ‘एक विषय, दोन अयशस्वी प्रयत्न.’

रिव्हॅलमध्ये निकाल बदलून पास झाला असाल तर तो बॅकलॉग धरला जात नाही, मात्र रिव्हॅलनंतरची सुधारित मार्कशीट हातात हवी. गैरहजर राहिलेला पेपर मात्र जवळपास सगळीकडे अयशस्वी प्रयत्नच धरतात, कारण काहीही असो.

४. कारण सांगितलं की सबब वाटते, नाही सांगितलं तर लपवल्यासारखं वाटतं. मग लिहायचं कसं?

सबब तिथेच संपते जिथे तिने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. कारण पुढे जातं: काय घडलं, त्यात माझं नेमकं काय चुकत होतं, मी काय बदललं आणि ते बदललेलं मार्कशीटवर कुठे दिसतं. चौथा भाग नसेल तर पहिले तीन कितीही प्रामाणिक असले तरी वाचणाऱ्याच्या हातात काही पडत नाही.

मसुदा तपासायची एक सोपी रीत आहे. प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण ते पाहा. ‘विद्यापीठाने पॅटर्न बदलला’, ‘शिक्षक मध्येच गेले’, ‘पेपर कठीण होता’, ‘परिस्थितीने साथ दिली नाही’ अशी वाक्यं ओळीने आली आणि ‘मी’ पहिल्यांदा चौथ्या वाक्यात उगवला, तर ती सबब झाली. यातली प्रत्येक गोष्ट खरी असली तरी. त्याच वर्गात, त्याच पॅटर्नमध्ये काही मुलं पास झालेली असतात आणि वाचणाऱ्या प्राध्यापकाला ते न सांगता कळतं.

दुसरी रीत लांबीची. हजार शब्दांच्या एसओपीत हा भाग ऐंशी ते शंभर शब्दांचा पुरतो. त्याहून लांबला की माणूस स्वतःचा बचाव करतोय असं वाटू लागतं.

५. एखादं उदाहरण पूर्ण दाखवाल का?

एक नमुना घेऊ. विद्यार्थी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला ई अँड टीसीला आला. एम-३ मध्ये पहिल्यांदा १०० पैकी २७, दुसऱ्यांदा ३६, तिसऱ्यांदा ६३. अर्ज कम्युनिकेशन आणि सिग्नल प्रोसेसिंगच्या मास्टर्सला. म्हणजे राहिलेला विषय नेमका पायाचा, त्यामुळे गप्प बसून चालणार नाही. एसओपी इंग्रजीत जाणार, इथे आशय मराठीत देतोय.

त्याचा पहिला मसुदा असा होता:

‘दुर्दैवाने मी डिप्लोमातून आल्यामुळे मला एम-१ आणि एम-२ शिकवले गेले नव्हते. त्यातच आमच्या शिक्षकांची बदली झाली. त्यामुळे एम-३ मध्ये मला अपयश आले. पण मी हार मानली नाही आणि अथक परिश्रमाने हा विषय उत्तीर्ण झालो. या अनुभवाने मला चिकाटी शिकवली.’

डिप्लोमाचं कारण खरं आहे. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांना एम-३ जड जातो हे प्रत्येक कॉलेजला माहीत असतं. पण ते कारण पहिल्या प्रयत्नापुरतं पुरतं. दुसऱ्यांदा नापास होण्याचं काय? मसुदा त्यावर गप्प आहे आणि वाचणारा नेमका तिथेच थांबतो. ‘अथक परिश्रम’ म्हणजे काय केलं, तेही कळत नाही.

त्याला विचारल्यावर खरी गोष्ट निघाली. पहिल्या दोन्ही वेळा त्याने मागच्या पाच-सहा पेपरांमधली गणितं पाठ केली होती. लाप्लास ट्रान्सफॉर्मची सूत्रं तोंडपाठ, पण इन्व्हर्स काढताना पार्शियल फ्रॅक्शनपाशी अडकायचा, कारण ते कधी हाताने केलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी त्याने एम-३ चं पुस्तक बाजूला ठेवून आधी बारावीचं इंटिग्रेशन आणि एम-१, एम-२ चे लागणारे धडे सोडवले. पुढे सिग्नल्स अँड सिस्टिम्सला ७१ आणि डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगला ७८ पडले. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता ईसीजी सिग्नलमधला ५० हर्ट्झचा विजेचा गोंगाट काढणारा डिजिटल फिल्टर.

मग परिच्छेद असा झाला:

‘एम-३ हा विषय मी तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो. डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षात आल्याने पहिल्या वर्षाचं गणित माझ्याकडे नव्हतं, आणि पहिल्या दोन प्रयत्नांत मी ती उणीव भरून काढण्याऐवजी जुने पेपर पाठ केले. तिसऱ्या प्रयत्नाआधी मी इंटिग्रेशन आणि पार्शियल फ्रॅक्शनपासून सुरुवात केली आणि ६३ गुण मिळवले. याच गणितावर उभ्या असलेल्या सिग्नल्स अँड सिस्टिम्स आणि डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगमध्ये मला अनुक्रमे ७१ आणि ७८ गुण आहेत. शेवटच्या वर्षी ईसीजी सिग्नलसाठी नॉच फिल्टर तयार करताना त्याच्या पोल आणि झिरोच्या जागा मी स्वतः मांडल्या.’

यात ‘दुर्दैवाने’ नाही, ‘चिकाटी’ नाही, माफीही नाही. शिक्षकांची बदली गेली. ती खरी होती, पण तिच्यामुळे तिसऱ्या वेळी काय बदललं हे कळत नव्हतं. ‘पाठ केले’ ही कबुली विद्यार्थ्याला सुरुवातीला बोचली. पण पुढच्या तीन वाक्यांवर विश्वास बसतो तो तिच्यामुळेच.

६. आत्मविश्वास दिसावा म्हणून काय करायचं? माझं लिखाण रडकं वाटतं असं ताई म्हणते.

बहुतेक वेळा दोष जागेचा असतो. बॅकलॉगचा परिच्छेद सुरुवातीला आला तर सगळी एसओपी त्याच्या सावलीत वाचली जाते. शेवटी आला तर तोच लक्षात राहतो. तो मध्ये ठेवा, जिथे तुम्ही शैक्षणिक तयारीबद्दल बोलता, आणि त्याचं शेवटचं वाक्य पुढच्या परिच्छेदातल्या प्रोजेक्टला जोडा. वरच्या उदाहरणात फिल्टरचं वाक्य तेच काम करतं.

मग विशेषणं कापा. ‘अत्यंत’, ‘प्रचंड’, ‘मनापासून’ असे शब्द काढले तरी अर्थ तसाच राहतो आणि आवाज खाली येतो. ज्याच्याकडे आकडा आहे त्याला ओरडावं लागत नाही.

७. खरं सांगायचं तर कारणच नाही. एसईला अभ्यास केला नव्हता, बस.

हा प्रश्न विचारणारे सहसा गणेशोत्सवातलं ढोलपथक, कॉलेजचं फेस्ट किंवा एकांकिका स्पर्धेच्या तालमी यात अडकलेले असतात. त्याला मोठं रूप देऊ नका. ‘नेतृत्वगुण विकसित करत होतो’ असं लिहिलंत तर ते वाचणाऱ्याने शेकडो वेळा वाचलेलं असतं. ‘तिसऱ्या सेमिस्टरमध्ये मी अभ्यासाला पुरेसा वेळ दिला नाही आणि दोन विषय राहिले’ हे एक वाक्य पुरे. त्यानंतर लगेच पाचव्यापासून आठव्या सेमिस्टरचे एसजीपीए द्या. ते वाढले असतील तर बाकी काही सांगायची गरजच उरत नाही.

वाढलेच नसतील तर प्रश्न ९ पाहा.

८. आजारपण किंवा घरातला मृत्यू होता. हे लिहिलं तर सहानुभूती मागितल्यासारखं होतं का?

लिहा, पण थोडक्यात. ‘चौथ्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी वडिलांचं निधन झालं. दोन पेपर मी देऊ शकलो नाही आणि ते पुढच्या परीक्षेत उत्तीर्ण झालो.’ एवढंच. दवाखान्यातले प्रसंग, घरची आर्थिक ओढाताण, आईची अवस्था, हे सगळं खरं असलं तरी एसओपीत नको. बऱ्याच अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जात जादा माहितीसाठी वेगळा रकाना असतो. तपशील त्यात जातो आणि एसओपी मोकळी राहते.

तारीख जुळते का ते पाहा. डिसेंबरमधलं आजारपण पुढच्या मे महिन्याच्या निकालाचं कारण म्हणून दिलं, तर मधल्या महिन्यांत काय झालं ते एका वाक्यात सांगावं लागेल. डिस्चार्ज कार्ड किंवा डॉक्टरांचं प्रमाणपत्र जपून ठेवा, मात्र मागितल्याशिवाय जोडू नका. मानसिक आजाराबद्दल किती सांगायचं हा सर्वस्वी तुमचा निर्णय. ‘त्या सेमिस्टरमध्ये प्रकृतीची अडचण होती, उपचार पूर्ण झाले’ एवढं लिहिलंत तरी खोटं होत नाही.

९. माझे मार्क उतरत गेलेत. सुधारणा दाखवू कुठून?

हा सगळ्यात अवघड प्रकार आहे, कारण प्रश्न ४ मधला चौथा भाग मार्कशीटवर सापडत नाही. पुरावा बाहेरून आणावा लागतो. त्याच विषयातलं नोकरीतलं काम, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारा एनपीटीईएलचा कोर्स, गेटचा स्कोअर. तोही आत्ता नसेल तर एक वर्ष थांबून मिळवणं हे नुसती एसओपी घासत बसण्यापेक्षा शहाणपणाचं आहे, असं माझं मत.

२०२०-२१ च्या आसपास शिकलेल्यांचा एक वेगळा उपप्रकार आहे. २०२० मध्ये शेवटचं वर्ष सोडून बाकीच्यांचे निकाल अंतर्गत गुण आणि आधीच्या सेमिस्टरवर लागले. पुढे ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षा झाल्या आणि पुन्हा वर्गात बसून लिहायची वेळ आल्यावर अनेकांचे गुण घसरले. ही घसरण समजावताना परीक्षापद्धतीला दोष दिलात, तर आधीचे चढे गुण फुगलेले होते हेही तुम्हीच मान्य करता. त्यापेक्षा लेखी परीक्षा सुरू झाल्यानंतरची सेमिस्टर एकमेकांशी ताडून दाखवा. पहिल्या धक्क्यानंतर त्यांत चढ असेल तर तोच तुमचा मुद्दा.

१०. सीजीपीए ६.४ आहे. चांगल्या एसओपीने जर्मनीत काम होईल का?

इथे आधी हिशेब, मग लिखाण. जर्मन विद्यापीठं आपला सीजीपीए सुधारित बव्हेरियन सूत्राने त्यांच्या श्रेणीत बदलतात. तिथे १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास.

```
१ + ३ × (कमाल − तुमचा) ÷ (कमाल − किमान पास)
१ + ३ × (१० − ६.४) ÷ (१० − ४) = २.८
```

किमान पास ४ ऐवजी ५ धरलं तर हाच सीजीपीए ३.१६ होतो, म्हणून विद्यापीठ कोणता आकडा घेतं ते आधी शोधा. अनेक कोर्सची अट २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी अशी असते. अट कडक असेल तर २.८ वाल्याची एसओपी कोणी उघडतही नाही, मग ती कितीही सुंदर असो. अशा ठिकाणी अर्ज करण्यापेक्षा ज्या कोर्समध्ये विषयांचे क्रेडिट, प्रवेश परीक्षा किंवा मुलाखत यांनाही वजन आहे तिकडे वळा. खुलासा उपयोगी पडतो तो माणूस निर्णय घेतो तिथे. चाळणी निर्णय घेते तिथे नाही.

११. कॅम्पस मुलाखतीत हेच सांगितलं तर चालेल?

सांगायचं हेच, फक्त दोन वाक्यांत. ‘एम-३ दोनदा राहिला, कारण पाया न करता पेपर पाठ करत होतो. मग पाया केला, ६३ पडले आणि डीएसपीला ७८ आहेत.’ बोलून झालं की थांबा. शांतता भरून काढायला बोलत राहिलात की सबबी सुरू होतात.

यानंतर समोरचा बहुतेक वेळा त्याच विषयातलं विचारतो: ‘मग सांगा, लाप्लास ट्रान्सफॉर्म कशासाठी वापरतात?’ तिथे अडखळलात तर आधीची दोन वाक्यं वाया गेली. राहिलेल्या विषयाची मुलाखतीआधीची उजळणी सगळ्यात पक्की हवी. आणि कंपनीची अट ‘लाइव्ह बॅकलॉग नको’ अशी असेल तर सुटलेल्या केटीबद्दल आपणहून बोलायची गरज नाही.

१२. इयर डाऊन झालं. ते वर्ष ‘गॅप’ म्हणून दाखवलं तर?

नको. गॅप म्हणजे शिक्षण थांबलेलं वर्ष, आणि तुम्ही त्या वर्षात परीक्षा दिल्यात, मार्कशीटवर तारखा आहेत. नियमच असा की एफईचा एक विषय उरला तरी टीईला प्रवेश मिळत नाही, हे परदेशी वाचकाला माहीत नसतं. ते सांगणं ही सबब नाही, माहिती आहे: ‘विद्यापीठाच्या नियमानुसार पहिल्या वर्षाचा एक विषय बाकी असल्याने मला एक वर्ष थांबावं लागलं.’ नियम अर्ध्या वाक्यात संपवा आणि त्या वर्षात काय केलं ते पूर्ण वाक्यात लिहा. काहीच केलं नसेल तर तो विषय किती गुणांनी सुटला तेवढं पुरे.

१३. सरांनी एलओआरमध्ये बॅकलॉगचा उल्लेख करावा का?

तो विषय किंवा त्यावर आधारलेला पुढचा विषय ज्यांनी शिकवला त्यांनीच केला तर सोन्याहून पिवळं. ‘हा विद्यार्थी आधी नापास झाला होता, पुढच्या वर्षी माझ्या विषयात वर्गातल्या पहिल्या काहींत होता’ हे तुम्ही लिहिण्यात आणि सरांनी लिहिण्यात फार अंतर आहे. पत्रात काय असावं ते सांगू नका. मार्कशीट आणि एसओपीचा मसुदा देऊन विचारा: ‘सर, एम-३ बद्दल मी हे लिहिलंय, आपल्याला योग्य वाटलं तर पत्रात उल्लेख कराल का?’ नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा. ज्या सरांनी तुम्हाला फक्त प्रोजेक्टला पाहिलंय त्यांना यात ओढू नका.

१४. कॉलेजच्या बॅकलॉग सर्टिफिकेटवर ४ लिहिलंय, मी फॉर्ममध्ये ३ भरलेत. आता?

आधी फरक कुठून आला ते शोधा. बहुतेक वेळा कॉलेजने प्रयत्न मोजलेले असतात आणि तुम्ही विषय (प्रश्न ३), किंवा थिअरी आणि प्रॅक्टिकल अशी दोन वेगळी हेड्स धरलेली असतात. कधी कधी रिव्हॅलने बदललेला निकाल कॉलेजच्या नोंदीत आलेलाच नसतो. तसं असेल तर सुधारित मार्कशीट दाखवून परीक्षा विभागातून नवं सर्टिफिकेट मागा.

चूक तुमच्या बाजूची असेल तर अर्जावर निर्णय व्हायच्या आत ॲडमिशन ऑफिसला कळवा: अर्ज क्रमांक, भरलेला आकडा, बरोबर आकडा, फरकाचं कारण एका ओळीत, सर्टिफिकेट जोडलेलं. एसओपीतही आकडा असेल तर दुरुस्त प्रत पाठवता येईल का ते त्याच मेलमध्ये विचारा. उत्तर येईपर्यंत दुसऱ्या विद्यापीठांच्या फॉर्ममध्ये जुना आकडा भरू नका.